डिकीतली जागा

खरं सांगते, मी सगळ्यात आधी जळले ती दादाच्या डिकीवर.

आईचा वॉकर तिच्यात आडवा मावायचा. शेजारी आईची बॅग, तिची उशी, खुर्चीवर टाकायची गादी, वर पाण्याची बाटली ठेवायला कोपरा. झाकण लावलं की सगळं गडप. माझ्या गाडीच्या डिकीत गॅसची टाकी. ती नवरीसारखी मधोमध बसलेली, आणि उरलेल्या फटीत फार तर दोन पिशव्या आणि एक छत्री. आईचा वॉकर मागच्या सीटवर आईच्या शेजारी उभा राहायचा आणि प्रत्येक वळणावर तिच्या खांद्यावर डोकं टेकायचा. आई त्याला हाताने परत बाजूला करायची. पावणेतीनशे किलोमीटर हेच.

आईच्या उजव्या डोळ्यात दर महिन्याला एक इंजेक्शन द्यावं लागतं. ते नाही दिलं तर उरलेली नजर जाईल, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलंय. डॉक्टर आमच्या शहरात, आणि आई गावी. शनिवारी तिला आणायचं, सोमवारी इंजेक्शन, आठवडाभर ती माझ्याकडे, आणि पुढच्या रविवारी सोडायचं. म्हणजे महिन्यातून दोन वेळा जाऊन-येऊन साडेपाचशे किलोमीटर. दोन वर्षं हे मी एकटीने केलं. सीएनजी गाडी घेतली तीच त्यासाठी. इतकं पळायचं तर पेट्रोल परवडणार नव्हतं, आणि चांगली डिझेल गाडी आमच्या आवाक्याबाहेर. नवऱ्याने शोरूममध्ये माणसाला तीनदा विचारून खात्री केली होती की गॅसवर किलोमीटरमागचा खर्च पेट्रोलच्या जवळजवळ निम्म्यावर येतो. येतोही. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार दादाबद्दल होती. बाबा गेल्यावर त्याने आईला म्हटलं, इकडे राहायला ये. आई नाही म्हणाली. दादाने तेव्हा रागाच्या भरात सांगून टाकलं, "येत नसशील तर मीही त्या घरात पाऊल टाकणार नाही." आणि दादा बोलला की बोलला. आमच्या घरात नाक कापलं तरी चालेल, शब्द मागे घ्यायचा नाही, ही बाबांची शिकवण. ती त्याने एकट्याने नीट घेतली. दोन वर्षं तो फोनवर आईशी हवापाण्याचं बोलायचा आणि ठेवायचा.

आणि मग एका शुक्रवारी त्याचा फोन आला. "बारके, उद्या आईला मी आणतो. तू रविवारी सोड."

एवढंच. का, कसं, काही नाही. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल, पण तो शनिवारी दुपारपर्यंतच टिकला. दुपारी त्याची ती उंच डिझेल गाडी आमच्या दारात उभी राहिली आणि आई अशी उतरली की जणू शेजारच्या गल्लीतून आलीय. केस जागच्या जागी. मी आणते तेव्हा ती दारातच खुर्ची मागते.

"कशी आलीस?" मी विचारलं.

"अगं, कळलंच नाही," आई म्हणाली. "एकदाही उतरावं लागलं नाही बघ."

ते वाक्य माझ्या मनात काट्यासारखं जे रुतलं, ते पुढे कित्येक महिने निघालं नाही.

*

सीएनजी गाडीत उतरावंच लागतं. ज्यांच्याकडे नाही त्यांना हे माहीत नसतं. गॅस भरताना गाडीत कुणी बसायचं नाही, हा नियम. इंजिन बंद, सगळे बाहेर. आमची टाकी भरून घेतली की सव्वादोनशे किलोमीटर जाते, त्यामुळे गावी जाताना वाटेत एकदा तरी भरायची वेळ येतेच. गाडी मी शहरात वापरलेली असली तर दोनदा. तरण्याताठ्या माणसाला काय, दार उघडलं, बाहेर आला. आईच्या खुब्याचं हाड बसवलेलं. आधी पाय बाहेर, मग वॉकर उघडायचा, मग मी काखेत हात घालायचा, मग ती "थांब, थांब" म्हणणार. मागच्या गाड्या हॉर्न वाजवणार. तिला पंपाच्या कडेला सावलीतल्या खुर्चीपर्यंत न्यायचं, गॅस भरून घ्यायचा, गाडी पुढे लावायची, आणि हाच सगळा प्रकार उलटा.

त्या रविवारी आईला सोडायला निघाले तर पंपावर पंधरा-वीस गाड्यांची रांग. ऊन रणरणतं. आमचा नंबर आला तेव्हा गॅसचं प्रेशर उतरलं होतं. प्रेशर कमी असलं की टाकी भरल्यासारखी वाटते पण पोट अर्धंच भरतं. आठ किलोच्या जागी पाच-साडेपाच किलो गेला.

"एवढाच?" मी पंपवाल्याला म्हटलं.

"ताई, लाइनलाच नाहीये. पुढच्या पंपावर टॉप करून घ्या."

म्हणजे आईला परत उतरवायचं. मी खुर्चीकडे गेले तर ती पदराने वारा घेत बसली होती.

"दादाच्या गाडीत डिझेलची टाकी भरली की हजार किलोमीटर बघायचं नाही म्हणे," ती म्हणाली.

"हो का."

"आणि घाटात तर काय, वर ओढते नुसती. तुझी घाटात किती कण्हते ना. एसी बंद करतेस तेव्हा मला तिची दया येते."

तिच्या मनात काही नव्हतं, हे मला माहीत होतं. ती गाड्यांबद्दल बोलत होती. पण मला असं ऐकू आलं की ती आम्हा दोघांबद्दल बोलतेय. दोन वर्षं जिने ने-आण केली ती कण्हणारी, आणि जो दोन वर्षांनी उगवला तो वर ओढणारा. मी पुढचे सव्वाशे किलोमीटर तोंडातून शब्द काढला नाही. आई बिचारी वॉकर सावरत झोपली.

दादा पुढच्या महिन्यातही गेला. आणि त्याच्या पुढच्याही. शनिवार त्याचा ठरूनच गेला. आई फोनवर शनिवारबद्दल बोलायची तेव्हा तिच्या आवाजात जे यायचं, ते रविवारबद्दल बोलताना यायचं नाही. साहजिक आहे, रविवारी तिला परत एकट्या घरात जायचं असायचं. पण हे समजूतदार विचार माझ्या डोक्यात यायचे ते आंघोळ करताना, आणि टॉवेल वाळत घालेपर्यंत निघून जायचे. आणणारा तो, सोडणारी मी. जगात कुणाला सोडणारा आवडतो?

*

आमच्या दोघांच्या गाड्या एकाच मिस्त्रींकडे जातात. पन्नाशीचे, शांत, इंजिनाला कान लावून बसणारे. माझी गाडी फिल्टर आणि प्लग बदलायला लावली होती. मी स्टुलावर बसून चहा पीत होते.

"दादासाहेबांची गाडी काय म्हणते?" त्यांनी विचारलं. "दिवा परत लागला नाही ना?"

"कसला दिवा?"

मग त्यांनी सांगितलं. नव्या डिझेल गाड्यांना धुराच्या नळीत एक फिल्टर असतो, काजळी धरून ठेवणारा. गाडी लांब पळाली की तो चांगला तापतो आणि धरलेली काजळी आपोआप जळून जाते. पण दादाचं ऑफिस घरापासून चार किलोमीटरवर. इंजिन गरम होतंय न होतंय तोवर पार्किंग. काजळी साठत जाते, जाळ्या चोंदतात, डॅशबोर्डवर दिवा लागतो, आणि दुर्लक्ष केलं तर गाडी ओढच सोडते. "तेव्हाच मी त्यांना म्हटलं, साहेब, या गाडीला महिन्यातून एकदा तरी हायवेला काढा."

"हे कधीचं?"

त्यांनी महिना सांगितला. तो पहिला शनिवार त्याच महिन्यातला होता.

मी चहा संपवला नाही. मला इतका आनंद झाला की लाज वाटावी. म्हणजे आई नाही, जाळी. लेक आईच्या ओढीने नव्हे, गाडीची काजळी जाळायला पावणेतीनशे किलोमीटर जात होता, आणि परतताना आईला भरून आणत होता. मी घरी येईपर्यंत गाणं गुणगुणत होते. नवरा म्हणाला, "काय, प्लग फार स्वस्तात पडले वाटतं."

तेवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं. पण मला दादाचा शनिवार हवा होता.

पुढच्याच रविवारी मी त्याच्याकडे जेवायला गेले आणि जेवणं झाल्यावर वहिनीसमोर विषय काढला. मी बोलले त्यातला एक शब्दही खोटा नव्हता, हे मी आजही शपथेवर सांगेन.

"दादा, तुझं चुकतंय," मी म्हटलं. "रोजचं आठ किलोमीटर जाणं-येणं, त्यासाठी डिझेल कशाला पोसतोस? डिझेल कुणी घ्यावं, तर ज्याचं रोज लांबचं पळणं आहे त्याने. तुझ्यासारख्याला पेट्रोल. इंजिन पटकन गरम होतं, आवाज नाही, थरथर नाही, जाळीबिळीची भानगड नाही. चार किलोमीटर चालव नाहीतर चाळीस, त्याला काही फरक पडत नाही."

"हेच मी कधीची सांगतेय," वहिनी म्हणाली. "सकाळी सुरू केली की सगळी सोसायटी जागी होते. आणि तो दिवा लागला की हे घरात येरझाऱ्या घालतात."

"पण हायवे असतोच की," दादा म्हणाला. "महिन्यातून एकदा."

"ते मी बघते ना. दोन वर्षं बघतच होते. तू कशाला दमतोस?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मला वाटलं, चोरी पकडली गेली म्हणून बघतोय. मग त्याने टेबलावरचा पाण्याचा ओघळ बोटाने पुसला आणि म्हणाला, "बघतो."

वहिनीने बघू दिलं नाही. सहा आठवड्यांत डिझेल विकली गेली आणि दारात पेट्रोल ऑटोमॅटिक आली. मऊ, गोल, आवाज असा की चालू आहे का ते काटा बघून कळावं. डिकी याही गाडीची मोठी होती. पण आता ती तिकडे जाणार नव्हती, मग असेना.

*

पहिल्या शनिवारी मी पहाटेच निघाले. आईच्या दारात पोचले तेव्हा ती तयार होऊन ओट्यावर बसली होती. माझी गाडी वळली तेव्हा तिने मान उंच करून मागे पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

"दादाचं काही काम निघालं का?"

"त्याने गाडी बदलली. आता नाही येणार तो."

ती वॉकर धरून उठली. घराला कुलूप लावायला तिला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला.

पंपावर तिला उतरवलं, खुर्चीवर बसवलं. रांग लांब होती आणि मी तिच्याशेजारी उभी होते. ती सारखी रस्त्याकडे बघत होती. मला वाटलं होतं, आता ती माझी झाली. मग ती अशी का बसलीय? माझ्या तोंडून निघूनच गेलं.

"आई, तो तुझ्यासाठी नव्हता येत. त्याच्या गाडीचा फिल्टर चोंदायचा. हायवेला पळवली की साफ होतो. म्हणून यायचा."

"माहीत आहे मला."

"कुणी सांगितलं?"

"त्यानेच. दर वेळी सांगायचा, दारात पाय ठेवायच्या आधी. 'गाडीला पळवायची होती म्हणून आलो.'" आईने वॉकरची मूठ पुसली. "मी म्हणायचे, बरं केलंस. गाडीला जपायला हवं. मग तो आत यायचा."

आमचा नंबर आला. मला गाडी पुढे घ्यावी लागली.

*

दर तीन वर्षांनी गॅसची टाकी गाडीतून काढून दाबाखाली तपासून घ्यावी लागते. तो कागद नसेल तर पंपवाले गॅस भरत नाहीत. माझी तारीख त्याच्या पुढच्या महिन्यात आली. मी गाडी मिस्त्रींकडे नेली. त्यांनी नळी बंद केली, पट्टे सोडले आणि दोघांनी मिळून टाकी उतरवली. "चार-पाच दिवस लागतील तपासायच्या ठिकाणाहून यायला. तोवर पेट्रोलवर चालवा. टाकी भरून घ्या म्हणजे झालं."

बोलता बोलता दादाच्या गाडीचा विषय निघाला. मी म्हटलं, सुटला एकदाचा, नाहीतर दर महिन्याला त्या जाळीपायी साडेपाचशे किलोमीटर.

मिस्त्रींनी हात पुसायचे थांबवले. "साडेपाचशे कशाला?"

"तुम्हीच म्हणालात ना, हायवेला काढा."

"अहो ताई, बायपासला काढा म्हणालो. साठ-सत्तरच्या वेगाने वीसेक मिनिटं न थांबता चालवली की झालं. दिवा लागला तेव्हा पहिल्यांदा मीच बसलो होतो त्यांच्या शेजारी. टोलनाक्यापर्यंत जाऊन आलो, तेवढ्यात विझला." ते हसले. "साहेबांनी विचारलं, लांब नेली तर चालेल का? म्हटलं, चालेल की, गाडीला चांगलंच आहे. किती लांब, विचारलं. म्हटलं, तुम्हाला जायचं असेल तितकं."

मी गाडीपाशी गेले. डिकी उघडी होती.

टाकी नव्हती. तीन वर्षांत पहिल्यांदा मी माझी डिकी रिकामी पाहत होते. केवढी मोठी होती ती. आईचा वॉकर आडवा मावला असता, बॅग, उशी, गादी, सगळं. पेट्रोल भरलं की चारशे किलोमीटर कुठे थांबायला नको. कुणाला उतरवायला नको. घाटात पेट्रोलवर ती इतकी कण्हतही नाही. येता शनिवार, टाकी येण्याआधीचाच. मला दादासारखं जे जे हवं होतं, ते सगळं माझ्यासमोर उघडं पडलं होतं, एका फेरीपुरतं. आई उतरून म्हणाली असती, कळलंच नाही बघ.

मी ती डिकी बराच वेळ उघडी ठेवली. मिस्त्रींना वाटलं असेल, ताईंना काहीतरी हरवलंय.

माझ्या भावाला दोन वर्षांपूर्वीचा शब्द गिळायचा नव्हता आणि आईला भेटायचं होतं. त्याला एक चोंदलेली जाळी सापडली. तिच्या आडून तो दर महिन्याला त्या उंबऱ्याच्या आत जात होता. आणि मी, अक्कल पाजळून, एकही शब्द खोटा न बोलता, ती जाळी त्याच्या हातातून काढून घेतली होती. चीड आली ती मात्र आधी त्याचीच. सरळ सांगायला काय झालं होतं त्याला? मग स्वतःची आली. ती अजून गेलेली नाही.

संध्याकाळी त्याला फोन केला.

"दादा, माझी गॅसची टाकी तपासायला गेलीय. या शनिवारी आईला आणायची पंचाईत आहे."

"मग पेट्रोलवर जा की. दोन्हीवर चालते ना तुझी?"

गाड्यांचं त्याला सगळं कळतं. मी एक क्षण अडखळले.

"चालते. पण मिस्त्री म्हणाले, लांब नको न्यायला."

 पलीकडे वहिनीने नळ सुरू केला, बंद केला.

"मिस्त्री म्हणाले?" दादाने विचारलं.

"हो. आणि तुझ्या नव्या गाडीबद्दलही म्हणाले. नवी आहे, मधूनमधून लांब पळवलेली बरी म्हणाले."

"पेट्रोल गाडीला?"

"मला काय कळतंय? ते म्हणाले, मी सांगितलं."

 मग तो म्हणाला, "मिस्त्री म्हणतायत तर ऐकायला हवं." आणि थोड्या वेळाने, "बारके, तुझी टाकी यायला किती दिवस लागतील?"

"बरेच," मी म्हटलं. "या टाक्यांचं काही सांगता येत नाही."

शनिवारी दुपारी मी गॅलरीत उभी होते. खाली पार्किंगमध्ये माझी गाडी उभी होती. तपासलेली टाकी ठरल्यापेक्षा लवकर, गुरुवारीच आली होती. बसवून झाली होती, मागच्या काचेवर नव्या तारखेचा कागदही चिकटवला होता. तो काढायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. दादाची गाडी आवाज न करता आत आली आणि नेमकी तिच्या शेजारी थांबली. तो उतरला. कागदापाशी क्षणभर वाकला, वाचला, सरळ झाला. वर पाहिलं नाही. मागे जाऊन त्याने डिकी उघडली, आडवा ठेवलेला वॉकर काढला आणि आईपुढे उघडून धरला.

आई उतरली. केस जागच्या जागी. तिने त्याच्या दंडाला धरलं आणि काहीतरी म्हणाली, आणि तो बाबांसारखा हसला. मी त्याला तसं हसताना बाबा गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

मी जळले. अगदी पहिल्या दिवसाइतकीच जळले, त्यात तसूभर फरक नाही. मी तशीच आत गेले, दार सताड उघडलं आणि दोघांसाठी पाणी भरून ठेवलं.